पोरीचा फुटबॉल सामना पहिल्यांदा पाहताना: ड्रिबल, कॉर्नर, ऑफसाइड, पेनल्टी

"सर, माझी मुलगी आश्रमशाळेच्या फुटबॉल संघात आहे. पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या मैदानावर त्यांचा सामना आहे. मी कबड्डी पाहिली, शंकरपट पाहिले, पण फुटबॉल कधी पाहिला नाही. ती घरी ड्रिबल, कॉर्नर, पेनल्टी असं काहीबाही बोलत असते. ऑफसाइड तर तिनं दोन-तीनदा सांगितलं तरी डोक्यात शिरलं नाही. जरा नीट समजावून सांगाल का?"

भाऊ, हे चार शब्द सुटे सुटे पाठ करू नका. मैदानावर ते एकातून एक निघतात. ड्रिबल अडवला की कॉर्नर मिळतो, कॉर्नरच्या गडबडीत कोणी ऑफसाइड सापडते, आणि ऑफसाइड न होता पोरगी आत घुसली की तिला पाडतात आणि पेनल्टी मिळते. म्हणून मी निळ्या आणि पिवळ्या जर्सीचे दोन संघ मनानंच उभे करतो आणि थोडा खेळ तुमच्यासमोर मांडतो. तुमची पोरगी निळ्यात आहे, पाठीवर सात नंबर आहे असं धरा. मी शाळांच्या आणि गावच्या सामन्यांत पंचगिरी करतो. बाहेर उभे असलेले लोक नेमके कुठे ओरडतात ते मला ठाऊक आहे, तिथेच जरा जास्त थांबतो.

आधी मैदानाकडे पाहून घ्या. फक्कीनं आखलेल्या दोन लांब रेषा म्हणजे बाजूच्या रेषा. दोन आखूड रेषांवर गोलचे खांब असतात, त्या गोलरेषा. मधोमध आडवी मध्यरेषा. गोल नियमाप्रमाणे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. आपल्याकडे बांबूचा असेल तर थोडं कमी-जास्त चालतं. गोलसमोर एक मोठा चौकोन आखलेला दिसेल, गोलरेषेपासून १६.५ मीटर आत येणारा. पोरं त्याला 'बॉक्स' म्हणतात, काही जण 'डी' म्हणतात. त्याच्या आत, गोलरेषेपासून ११ मीटरवर फक्कीचा एक ठिपका असतो. हा चौकोन आणि हा ठिपका लक्षात ठेवा, पेनल्टीच्या वेळी लागतील. आपल्याकडची मैदानं बरेचदा ठरलेल्या मापापेक्षा लहान असतात, मग आयोजक त्या प्रमाणात रेषा आत ओढतात. अर्थ तोच राहतो.

आता खेळ सुरू करू. चेंडू सात नंबरकडे आला. ती डाव्या बाजूच्या रेषेजवळून पुढे निघाली आहे. चेंडू कोणाला दिला नाही, लांब मारला नाही. पायाच्या छोट्या छोट्या ठोकरांनी तो सोबत घेऊन पळते आहे. हाच ड्रिबल. याला ठोकरींची मर्यादा नाही, वेळेची नाही. जमत असेल तर तिनं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू न्यावा, पंच काही म्हणणार नाही.

ड्रिबल चांगला आहे की नाही, हे ओळखायला चेंडूकडे नाही, चेंडू आणि पाय यांच्यातल्या अंतराकडे पाहा. समोर मोकळी जागा असेल तेव्हा पोरगी चेंडू चार-पाच पावलं पुढे ढकलून त्याच्यामागे पळते, ते बरोबरच आहे. पण पिवळी खेळाडू समोर आली की चेंडू एका पावलाच्या आत यायला हवा. दोन ठोकरींच्या मधल्या वेळात चेंडू कोणाच्याच ताब्यात नसतो आणि समोरची तेवढ्यात पाय घालते. तुम्ही कबड्डी पाहिलेली आहे. चढाई करणारा एका बाजूला झोक देतो, कोपरारक्षक त्या बाजूला झुकला की दुसऱ्या बाजूनं हात लावतो. ड्रिबलमध्ये चकवा असाच असतो: खांदा डावीकडे टाकायचा, समोरचीचं वजन त्या पायावर गेलं की चेंडू उजवीकडून काढायचा. म्हणून मी नव्या प्रेक्षकाला सांगतो, चकवा पाहायचा असेल तर बचाव करणारीचे पाय पाहा. तिचे दोन्ही पाय एका रेषेत, रुतलेले दिसले की ती चुकणार. एक पाय मागे, अंग तिरपं, हळूहळू मागे सरकणारी असेल तर ती शिकलेली आहे. तिला झटकन पाय घालायचा नाही, सात नंबरला रेषेकडे रेटत न्यायचं आहे.

धानाच्या बांध्या मोडून केलेल्या किंवा शाळेमागच्या उघड्या मैदानावर ड्रिबल अवघड जातो, हेही ध्यानात असू द्या. धसकटं असतात, जमीन टणक, चेंडू उसळतो. टीव्हीवर गवतावर जे सहज दिसतं ते इथे होत नाही. म्हणून चेंडू पायातून सुटला की लगेच "काऊन बे, धरता येत नाही का?" असं ओरडू नका. ड्रिबल करताना खांद्याला खांदा लागला, दोघी एकमेकींना रेटताहेत, तर तेही चालतं, फक्त चेंडू खेळण्याच्या अंतरात हवा. हातानं ढकलणं, जर्सी ओढणं, चेंडूऐवजी घोट्यावर लाथ बसणं हा फाउल.

तर सात नंबर रेषेजवळून गोलरेषेपर्यंत आली. तिनं चेंडू गोलसमोर टाकायला मारला, तो पिवळ्या खेळाडूच्या पोटरीला लागून गोलरेषेबाहेर गेला. पंचानं कोपऱ्याकडे हात केला. कॉर्नर.

कॉर्नरचा हिशेब सोपा आहे. चेंडू गोलरेषेबाहेर गेला, गोल झाला नाही, आणि शेवटचा स्पर्श गोल राखणाऱ्या संघाचा होता, तर समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटचा स्पर्श हल्ला करणाऱ्यांचा असेल तर गोलकिक, म्हणजे गोलकीपरच्या संघानं गोलसमोरच्या लहान चौकोनातून चेंडू मारायचा. बाजूच्या लांब रेषेबाहेर गेला तर थ्रो-इन, तो हातानं फेकतात. चेंडू कोणाला लागून गेला एवढंच पाहायचं, कोणी मुद्दाम मारला का ते नाही.

'बाहेर गेला' यावरून मात्र भांडणं होतात. चेंडू पूर्ण बाहेर जायला हवा. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो. तो जमिनीला टेकतो तो भाग फक्कीच्या पलीकडे गेला तरी वरचा फुगवटा रेषेवर असू शकतो, आणि तोवर चेंडू खेळातच असतो. गोल झाला की नाही, यालाही हाच नियम. कडेला तिरपं उभं राहून हे कळत नाही, ठीक रेषेवर नजर असेल तरच कळतं. त्यात खेळाडूंच्या पायांनी फक्की पुसली गेलेली असते. अशा वेळी पंचाचा अंदाज मानायचा, दुसरा उपाय नाही.

कॉर्नर मारताना चेंडू कोपऱ्यातल्या पावगोलात ठेवतात, त्या गोलाची त्रिज्या एक मीटर. पिवळ्या संघातल्या मुलींना त्या पावगोलापासून ९.१५ मीटर लांब राहावं लागतं. कोपऱ्यातला झेंडा उपटून बाजूला ठेवायचा नसतो. पाय अडतो म्हणून पोरं तो काढतात आणि पंच परत लावायला सांगतो. कॉर्नरमधून थेट गोल झाला तरी तो धरतात. अलीकडे एक नवा प्रकारही आला आहे: जुलै २०२५ पासूनच्या नियमांत गोलकीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. पंच शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. तालुक्याच्या सामन्यात हे कडकपणे लावतील असं नाही, पण पंच बोटं मोजताना दिसला तर गोंधळू नका.

आता ऑफसाइड. इथून सावकाश वाचा.

आपला कॉर्नर सात नंबर मारते आहे. तिनं तो गोलसमोर उंच मारला नाही, जवळ आलेल्या दहा नंबरला हळूच दिला. याला शॉर्ट कॉर्नर म्हणतात. दहा नंबर गोलरेषेपासून सहा-सात पावलं आत उभी आहे. चेंडू दिल्यावर सात नंबर तिथेच, गोलरेषेला लागून थांबली. तोवर पिवळ्या मुली ओरडत चार-पाच पावलं पुढे सरकल्या, गोलरेषेवर त्यांची फक्त गोलकीपर राहिली. दहा नंबरनं चेंडू परत सातकडे दिला, सातनं तो गोलसमोर टाकला, नऊ नंबरनं डोक्यानं आत घातला. सगळे नाचायला लागले. आणि कडेला पंचाच्या मदतनिसाचा झेंडा वर. गोल नाही. ऑफसाइड.

लोक म्हणतात, "पण नऊ नंबर तर मागे होती!" नऊचा काही दोष नाही. ऑफसाइड सात नंबर होती, आणि ती झाली तो क्षण गोलच्या दोन पास आधीचा.

नियम असा आहे. तुमच्या संघातल्या कोणी चेंडू खेळला, त्या क्षणी तुम्ही समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात असाल, आणि त्यांच्या गोलरेषेला चेंडूपेक्षाही जवळ असाल आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही जवळ असाल, तर तुम्ही ऑफसाइडच्या जागेवर आहात. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. एकही नसेल तर ऑफसाइड नाही. शेवटून दुसरा का, तर शेवटची बहुतेक वेळा गोलकीपर असते. तिच्यापुढची जी बचावखेळाडू, तिच्याशी तुलना करायची. आता दहा नंबरनं चेंडू मारला तो क्षण थांबवून पाहा. सात नंबर समोरच्या अर्ध्यात: हो. चेंडू दहाच्या पायाशी, रेषेपासून सहा पावलं. सात रेषेला लागून, म्हणजे चेंडूपेक्षा पुढे: हो. शेवटची गोलकीपर, शेवटून दुसरी पिवळी चार पावलं पुढे आलेली; सात तिच्यापेक्षाही रेषेजवळ: हो. झालं.

मग सात नंबरनं कॉर्नर मारला तेव्हा नऊ, आठ, अकरा अशा निळ्या मुली गोलच्या तोंडाशी उभ्या होत्या, त्यांना का नाही पकडलं? कारण कॉर्नर, थ्रो-इन आणि गोलकिक या तिन्हींवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड लागत नाही. ही सवलत फक्त त्या पहिल्या किकपुरती. दहा नंबरनं पाय लावला की सवलत संपली आणि नेहमीचा नियम सुरू. शॉर्ट कॉर्नर मारणारीनं म्हणून चेंडू दिल्याबरोबर रेषेपासून मागे, मैदानात यायचं असतं. शाळेच्या संघांत हे शिकवलेलं नसतं आणि हा ऑफसाइड मी सर्रास देतो. एका पिवळ्या मुलीनं खांबाला टेकून गोलरेषेवरच थांबायचं ठरवलं असतं, तर चित्र पालटलं असतं: मग गोलरेषेवर दोघी पिवळ्या, सात नंबर त्यांच्या पुढे नाही, ऑफसाइड नाही. म्हणून प्रशिक्षक बाहेरून "लाइन सोडा, बाहेर या" असं ओरडतात तेव्हा ते बचावखेळाडूंना पुढे यायला सांगत असतात, समोरचीला मागे एकटी पाडायला.

पिवळ्यांना त्या ठिकाणाहून इनडायरेक्ट फ्री किक मिळाली. ती ओळखायची खूण म्हणजे पंचाचा एक हात सरळ वर. त्या किकवरून थेट गोल धरत नाहीत, मध्ये दुसऱ्या कोणाचा तरी स्पर्श लागतो.

पाच मिनिटांनी उलटं घडतं. निळी सहा नंबर मध्यरेषेजवळ चेंडू घेऊन उभी. नऊ नंबर पिवळ्यांच्या शेवटच्या बचावखेळाडूच्या खांद्याला खांदा लावून, अगदी बरोबरीत. सहानं चेंडू दोघींच्या पलीकडे मारला आणि मारल्या क्षणी नऊ सुटली. चेंडू तिला मिळाला तेव्हा ती बचावापेक्षा चार पावलं पुढे, समोर फक्त गोलकीपर. सगळं मैदान "ऑफसाइड! ऑफसाइड!" ओरडतं. झेंडा खालीच. आणि झेंडा बरोबर आहे.

माझ्या अनुभवात बाहेरचे लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. ते चेंडू पोचतो तेव्हा पाहतात. नियम चेंडू सुटतो तेव्हाचा आहे. सहानं पाय लावला तेव्हा नऊ बरोबरीत होती, आणि बरोबरीत असणं म्हणजे ऑफसाइड नव्हे. गावातले एखादे जुने खेळाडू तुम्हाला सांगतील की बरोबरीत असलं तरी ऑफसाइड असतं. त्यांच्या काळी तसंच होतं. बरोबरीतल्या खेळाडूला सोडायचं हे १९९० पासून आलं. त्याही आधी, १९२५ पर्यंत, पुढे दोन नव्हे तर तीन खेळाडू लागायचे. नियम हल्ला करणाऱ्याच्या बाजूनं हळूहळू सैल होत आला आहे. बरोबरी मोजताना डोकं, धड आणि पाय धरतात. हात धरत नाहीत. नऊ नंबर हात पुढे करून चेंडू मागत असेल तर त्या हातावरून ऑफसाइड होत नाही.

आणखी एक, नुसतं ऑफसाइडच्या जागेवर उभं राहणं हा गुन्हा नाही. निळी अकरा नंबर पलीकडच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे, चालत परत येते आहे. चेंडू तिच्याकडे गेलाच नाही, ती गोलकीपरच्या नजरेत आडवीही आली नाही. तिच्यामुळे खेळ थांबत नाही. तीच अकरा गोलकीपरच्या तोंडासमोर उभी राहून तिची नजर अडवत असेल, तर चेंडूला हात-पाय न लावताही ऑफसाइड. किंवा कोणाचा शॉट खांबाला लागून तिच्याकडे आला आणि तिनं आत मारला, तरीही ऑफसाइड, कारण पहिला शॉट सुटला तेव्हा ती पुढे होती. म्हणूनच चांगला मदतनीस झेंडा लगेच वर करत नाही. तो थांबतो, कोण चेंडूकडे जाते ते पाहतो, मग उचलतो. लोकांना वाटतं तो झोपला होता.

गोलकीपरबद्दलही एक खोच आहे. कधी गोलकीपर धावत पुढे येते आणि मागे गोलरेषेवर एकच पिवळी राहते. तेव्हा ती एकटी पिवळी शेवटची, आणि शेवटून दुसरी जी कोण असेल, बहुधा ती पुढे आलेली गोलकीपरच. निळी खेळाडू त्या दोघींच्या मध्ये असेल तर समोर बचावखेळाडू उभी दिसत असूनही ती ऑफसाइड. मोजायच्या असतात दोन खेळाडू. त्यात गोलकीपर असावीच असं नाही.

आता कुठे उभं राहायचं ते. आपले लोक गोलच्या मागे गर्दी करतात. तिथून ड्रिबल आणि गोल छान दिसतात, ऑफसाइड मात्र कळत नाही. ऑफसाइड पाहायचा असेल तर बाजूच्या लांब रेषेवर या, आणि पिवळ्यांची शेवटून दुसरी खेळाडू जिथे आहे त्याच्या ठीक समोर राहा. मदतनीस दिवसभर हेच करतो, तिच्याबरोबर रेषेवर पुढे-मागे सरकत राहतो. तिरपं पाहिलं की डोळा फसतो. तुम्ही गोलच्या बाजूला पुढे उभे असाल, तर बरोबरीतल्या दोघींपैकी मैदानाच्या पलीकडची मुलगी गोलच्या जास्त जवळ वाटते. मध्यरेषेकडे उभे असाल तर अलीकडची. तुम्ही आणि तुमच्या शेजारचा दहा पावलांवर उभे राहून एकाच किकवर वेगवेगळं ओरडता, त्यातलं अर्धं कारण हेच. फक्त रेषेपासून तीन-चार पावलं मागे राहा. मदतनिसाची ती पळायची वाट असते आणि गर्दी तिथे घुसली की तो गर्दीतून चुकत-चुकत पळतो, मग झेंडाही चुकतो.

झेंडा वर गेला आणि शिट्टी वाजली की मदतनीस झेंडा पुढे धरून जागा दाखवतो: तिरपा वर म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या बाजूची खेळाडू, आडवा म्हणजे मधली, तिरपा खाली म्हणजे त्याच्याजवळची. कोण ऑफसाइड झाली हे ओळखायला तुम्हाला एवढं पुरतं. लहान सामन्यांत मात्र मदतनीस नसतोच, किंवा दोन्ही संघांचा एकेक माणूस लाल रुमाल घेऊन उभा असतो. मग पंच मधूनच अंदाज घेतो. तिथे पावलाभराच्या ऑफसाइडवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

नऊ नंबरवर परत येऊ. ती बॉक्समध्ये शिरली, गोलकीपर समोर, आणि मागून पिवळ्या चार नंबरनं तिची जर्सी धरून ओढली. नऊ पडली. शिट्टी, आणि पंचाचं बोट सरळ त्या ११ मीटरच्या ठिपक्याकडे. पेनल्टी.

मैदानात इतरत्र जो फाउल झाला असता तर साधी डायरेक्ट फ्री किक मिळाली असती, तोच फाउल बचाव करणारीनं आपल्या बॉक्समध्ये केला की पेनल्टी. पाहायचं ते फाउल कुठे झाला, चेंडू कुठे होता ते नव्हे. बॉक्सची रेषा बॉक्समध्येच मोजतात. रेषेवर जर्सी ओढली तरी पेनल्टी. ओढणं बाहेर सुरू झालं आणि आतपर्यंत चालू राहिलं तरीही पेनल्टी. पडली म्हणजे पेनल्टी, असं मात्र नाही. बॉक्समध्ये पोरी अडखळूनही पडतात, ढेकळांवर तर फारच.

हाताला चेंडू लागला की प्रेक्षक "हँड, हँड" करतात. प्रत्येक हाताला लागलेला चेंडू हँडबॉल नसतो. पंच पाहतो की हात मुद्दाम चेंडूकडे गेला का, किंवा अंग रुंद करायला हात उगाच लांब पसरला होता का. हात अंगाला चिकटलेला, चेंडू दोन पावलांवरून येऊन आदळला, तर खेळ चालू. गोलकीपरनं आपल्या बॉक्समध्ये चेंडू हातानं धरला तर तो तिचा हक्कच. पण तिच्याच संघातल्या मुलीनं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू तिनं हातात घेतला, तर इनडायरेक्ट फ्री किक, पेनल्टी नाही.

पेनल्टी नऊ नंबरच मारते आहे. ठिपक्यावर चेंडू. बाकी सगळ्या जणी बॉक्सच्या बाहेर, ठिपक्याच्या मागे, चेंडूपासून किमान ९.१५ मीटरवर. बॉक्सला लागून बाहेर जो फक्कीचा अर्धा कमान असतो, तो याच अंतरासाठी आखलेला असतो. गोलकीपरला गोलरेषेवर आडवं हलता येतं, पण किक लागते त्या क्षणी तिचा निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा रेषेच्या मागे हवा. ती दोन्ही पायांनी आधीच पुढे आली आणि तिनं चेंडू अडवला, तर किक परत मारायला देतात. आणि मारणारीनं धावत येताना मध्ये थोडा दम खाल्ला तरी चालतं. चेंडूपाशी पोचल्यावर मारायचं सोंग करून थांबणं चालत नाही.

नऊनं मारला, चेंडू खांबाला लागून तिच्याच पायाशी परत आला, तिनं तो मोकळ्या गोलमध्ये ढकलला. पुन्हा नाच, पुन्हा शिट्टी, आणि पंचाचा हात सरळ वर. गोल नाही, पिवळ्यांना इनडायरेक्ट फ्री किक. पेनल्टी मारणारीला दुसऱ्या कोणाचा स्पर्श होईपर्यंत त्या चेंडूला परत पाय लावता येत नाही आणि खांब हा 'कोणी' नाही. तोच चेंडू गोलकीपरच्या हाताला लागून परत आला असता तर नऊचा गोल धरला असता. आणि खांबाला लागून आलेला चेंडू नऊऐवजी मागून धावत आलेल्या दहा नंबरनं मारला असता, तरीही धरला असता, फक्त ती किकच्या आधी बॉक्समध्ये घुसलेली नको.

सामना बरोबरीत सुटला तर शेवटी दोन्ही संघ पाच-पाच किका मारतात, आपल्याकडे सगळे त्याला टायब्रेकर म्हणतात. किक तशीच असते, ठिपकाही तोच. पण तिथे परत आलेला चेंडू कोणालाही मारता येत नाही, ना मारणारीला ना दुसऱ्या कोणाला. गोलकीपरनं अडवला किंवा चेंडू खांबाला लागून बाहेर आला की ती किक संपली. हा टायब्रेकर फाउलसाठी नसतो, त्यामुळे सामन्यातल्या पेनल्टीशी त्याची गल्लत करू नका. पाच-पाचनंतरही बरोबरी राहिली तर एकेक किक चालू राहते, एका फेरीत एक संघ मारतो आणि दुसरा चुकतो तोवर.

सामन्याला गेल्यावर मैदानात फक्की मारणाऱ्या पोरांना किंवा आयोजकांना एक विचारून घ्या: संघ अकरा जणींचा आहे की सात जणींचा, आणि ऑफसाइड लागू आहे का. जागा कमी असली की आपल्याकडे बरेचदा सात-सात खेळवतात आणि ऑफसाइड काढूनच टाकतात. तसं असेल तर वर लिहिलेला अर्धा भाग त्या दिवशी सोडून द्या आणि खुशाल गोलच्या मागे जाऊन उभे राहा.